दहावीच्या तोंडावर लिहिता हात मोडला, तर लेखनिक आणि जादा वेळ कसा मिळतो?

फेब्रुवारी महिना. दहावीच्या पहिल्या पेपरला नऊ दिवस राहिलेत. क्लासवरून येताना स्कूटी घसरते, मुलगी उजव्या हातावर पडते. एक्स-रेमध्ये मनगटाजवळचं हाड मोडलेलं दिसतं. डॉक्टर कोपराखाली प्लास्टर घालतात आणि म्हणतात, सहा आठवडे.

घरी आल्यावर पहिला प्रश्न हाडाचा नसतोच. "आता पेपर कसे लिहायचे?" हा असतो. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं अपंगत्वाचा दाखला काढा, कुणी म्हणतं ४० टक्के बसलं पाहिजे, कुणी म्हणतं आता जुलैलाच बसवा. पहिले दोन सल्ले ऐकून लोक चुकीच्या रांगेत उभे राहतात आणि हातातले दिवस घालवतात. तिसऱ्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

ही मुलगी आपण कल्पनेतली धरू, पण तिच्यासोबत हा सगळा प्रवास करून बघू.

मोडलेला हात म्हणजे अपंगत्व नाही, आणि ते बरंच आहे

लेखनिक म्हणजे विद्यार्थी तोंडाने सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहून देणारी व्यक्ती. आपल्याकडे लेखनिकाची चर्चा निघाली की २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा पुढे येतो. त्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची तरतूद आहे. पण याच कायद्यात दिव्यांग व्यक्ती कोण, हे सांगताना दीर्घकालीन व्यंग असा शब्द आहे. सहा आठवड्यांत भरून येणारं हाड त्यात बसत नाही.

म्हणजे आपल्या मुलीने दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज केला, तर तपासणीची तारीख मिळेपर्यंत परीक्षा संपायची. आणि तारीख मिळालीच, तरी डॉक्टर सांगणार की हा तात्पुरता त्रास आहे, टक्केवारी देता येत नाही. त्यांचं बरोबरच असेल.

तिचा रस्ता वेगळा आहे. परीक्षेच्या तोंडावर अपघात झाला किंवा अचानक आजार आला आणि त्यामुळे लिहिता येत नसेल, तर परीक्षा घेणारं मंडळ लेखनिकाची परवानगी देऊ शकतं. इथे टक्केवारी लागत नाही, दिव्यांगत्वाचं कार्ड लागत नाही. लागतो तो वैद्यकीय दाखला. सीबीएसईच्या नियमांत तर तो दाखला कुणाचा हवा तेही सांगितलंय, असिस्टंट सर्जनपेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा. आपल्या राज्य मंडळाच्या बाबतीत ही परवानगी विभागीय मंडळाकडून येते. मंडळाची अशी नऊ विभागीय कार्यालयं आहेत, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. अर्ज मात्र पालकांनी थेट तिकडे घेऊन पळायचं नसतं. तो शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत जातो.

सगळा खेळ दाखल्यातल्या एका वाक्याचा

आता आपल्या मुलीचे वडील हाडाच्या डॉक्टरांकडे जातात आणि सर्टिफिकेट मागतात. डॉक्टर घाईत असतात. ते लिहून देतात, 'उजव्या मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे विश्रांतीचा सल्ला.'

वाचायला ठीक वाटतं. पण मंडळाच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या नजरेने वाचा. ही मुलगी लिहायला कोणता हात वापरते, हे त्यात नाही. तिला लिहिता येत नाही, हेही नाही. विश्रांतीचा सल्ला म्हणजे घरी बसा, असाही अर्थ होतो. आणि कोपराखालच्या प्लास्टरमध्ये बोटं बाहेर असतात. त्यामुळे कुणीतरी हमखास म्हणतं, "बोटं तर मोकळी आहेत की!"

बोटं मोकळी असतात हे खरंच आहे. ती आखडू नयेत म्हणून डॉक्टर मुद्दाम मोकळी ठेवतात आणि हलवायलाही सांगतात. पण बोटांची उघडझाप करणं वेगळं आणि तीन तास पेन दाबून धरणं वेगळं. लिहिताना पेन बोटांत असलं तरी जोर मनगटातून आणि हाताच्या पुढच्या भागातून येतो. तेच जखडलेलं असतं, सुजलेलं असतं. ही गोष्ट डॉक्टरांना माहीत असते, फक्त ती कागदावर यायला हवी.

म्हणून दाखल्यात चार गोष्टी मागून घ्या. कोणता हात आणि कुठे दुखापत झाली. तोच लिहायचा हात आहे, हे. परीक्षेत सलग लिहिता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत. आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. म्हणजे वाक्य साधारण असं होईल:

'या विद्यार्थिनीच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले असून हाताला प्लास्टर आहे. उजवा हात हाच तिचा लिहिण्याचा हात आहे. या दुखापतीमुळे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तिला लेखी परीक्षेत स्वतःच्या हाताने उत्तरे लिहिता येणार नाहीत. लेखनिक व जादा वेळ देण्याची शिफारस करण्यात येत आहे.'

शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात. लेखनिक आणि जादा वेळ या दोन स्वतंत्र मागण्या आहेत. एक मागितली म्हणजे दुसरी आपोआप आली, असं धरू नका. दाखल्यात दोन्ही, अर्जात दोन्ही.

उपचार खासगी दवाखान्यात चालू असले तरी हा दाखला सरकारी रुग्णालयातून घ्या. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते. एक्स-रे, खासगी डॉक्टरांचे कागद आणि हॉल तिकीट सोबत न्या आणि सकाळीच ओपीडी गाठा, कारण सही करणारे अधिकारी दुपारनंतर भेटतीलच असं नाही. खासगी डॉक्टरांचा दाखला चुकीचा असतो म्हणून हे सांगत नाहीये. पण पेपरला चार दिवस असताना 'सरकारी दाखला आणा' म्हणून कागद परत आला, तर तो एक दिवस परवडत नाही.

प्लास्टर निघालं म्हणजे हात लिहायला लागला, असं नाही

इथे जरा थांबून दुसरा एक मुलगा बघू. त्याचा हात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोडला. प्लास्टर फेब्रुवारीच्या मध्यात निघालं, पेपर त्यानंतर आठवड्याभरात. घरचे निवांत. मुलगा पेन हातात घेतो, पहिलं पान लिहितो आणि दुसऱ्या पानावर मनगट भरून येतं.

सहा आठवडे बांधून ठेवलेलं मनगट आखडतं, पकड कमी होते. ती परत यायला व्यायाम आणि आणखी काही आठवडे लागतात. बोटाची स्नायुबंधनं कापली गेली असतील आणि ती टाके घालून जोडलेली असतील, तर आणखी सांभाळावं लागतं. अशा हाताला पूर्ण जोर द्यायला डॉक्टर साधारण तीन महिने परवानगी देत नाहीत. म्हणजे दाखल्यातली शेवटची तारीख प्लास्टर निघण्याची नको, हात सलग लिहू शकेल त्या दिवसाची हवी. ती डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना परीक्षेचं वेळापत्रक दाखवलं तर.

या मुलाला कदाचित लेखनिक नकोच असेल. स्वतःच लिहायचं, पण हळू, मध्ये हात सोडत. त्याची मागणी फक्त जादा वेळेची असू शकते. दिव्यांग उमेदवारांसाठी केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हाच विचार आहे. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या पात्र उमेदवारालाही जादा वेळ मिळतो. तात्पुरत्या दुखापतीला त्या सूचना थेट लागू होत नाहीत, पण अर्जात मुद्दा मांडताना उपयोगी पडतात.

आणि मोडलेला हात लिहायचा नसेल तर? उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा हात मोडला, तर लेखनिकाची मागणी टिकणं अवघड आहे. तिथे भूमितीच्या पेपरला पट्टी कोण धरणार, असे छोटे प्रश्न उरतात. ते केंद्र संचालकांशी आधी बोलून सुटू शकतात.

लेखनिक कोण चालतो?

परत आपल्या मुलीकडे. दाखला मिळाला. आता लेखनिक शोधायचा. पहिलं नाव सुचतं ते बारावी झालेल्या मावसबहिणीचं. अक्षर सुंदर, अभ्यासात हुशार, घरातलीच. आणि ती चालत नाही.

लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. दहावीसाठी नववीचा, बारावीसाठी अकरावीचा. कारण उघड आहे. ज्याला उत्तर माहीत आहे तो नकळतही चूक दुरुस्त करतो. 'तू वजा म्हणालीस, पण अधिक असेल ना?' एवढं बोललं तरी पेपर कुणाचा, हा प्रश्न उभा राहतो.

नववीतला मुलगा किंवा मुलगी शोधायची म्हणजे शाळेचीच मदत घ्यावी लागते. लेखनिकाच्या पालकांची लेखी संमती, त्याच्या शाळेचं बोनाफाईड, फोटो आणि ओळखपत्र असे कागद तयार ठेवा. त्याच्या स्वतःच्या चाचण्या त्या दिवसांत आहेत का, हे आधी विचारा. आणि राखीव म्हणून दुसरं नाव अर्जातच द्या. पेपरच्या सकाळी लेखनिकाला ताप आला, तर ऐनवेळी नवीन नाव मंजूर करून घेण्यात जो वेळ जातो तो पेपरच्याच वेळेतून जाण्याचा धोका असतो.

भाषांसाठी वेगळा लेखनिक हवा असेल तर तेही अर्जात लिहा. २०१८ च्या सूचनांमध्ये वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांना, वेगळा लेखनिक घेण्याची मुभा आहे. कारण मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घ लेखनिकाच्या हातून चुकलं, तरी तपासणाऱ्याला ते विद्यार्थिनीचंच दिसतं.

अर्ज कसा असावा?

अर्ज छोटा असावा. अपघाताची कहाणी, वर्षभर केलेला अभ्यास, घरची परिस्थिती यातलं काही लागत नाही. मुख्याध्यापकांच्या नावे, विभागीय मंडळाकडे पाठवण्याच्या विनंतीसह, साधारण असा:

'माझी मुलगी इयत्ता दहावीची नियमित परीक्षार्थी असून तिचा बैठक क्रमांक व परीक्षा केंद्र खाली दिले आहे. अमुक तारखेला अपघातात तिच्या लिहिण्याच्या, म्हणजे उजव्या हाताला फ्रॅक्चर झाले आहे. सोबतच्या वैद्यकीय दाखल्यानुसार तिला परीक्षेच्या काळात लिहिता येणार नाही. तरी तिला सर्व लेखी पेपरांसाठी लेखनिक आणि जादा वेळ मंजूर करावा, ही विनंती. लेखनिक व राखीव लेखनिक यांची माहिती आणि कागदपत्रे सोबत जोडली आहेत.'

'सर्व लेखी पेपरांसाठी' हे शब्द महत्त्वाचे. शक्य असेल तर विषय आणि तारखा यांचा तक्ताच जोडा. अर्जाच्या प्रतीवर शाळेची पोच घ्या. शाळेने तो पुढे पाठवला का, हे दुसऱ्या दिवशी विचारा. लाजू नका. शाळेत परीक्षेची धांदल असते आणि कागद टेबलावर राहून जातो.

प्रॅक्टिकल किंवा तोंडी परीक्षा हातामुळे चुकली असेल, तर तो विषय याच भेटीत काढा. अपरिहार्य कारणाने ती देता न आलेल्यांसाठी मंडळ लेखी परीक्षेनंतर 'आऊट ऑफ टर्न' परीक्षा घेतं. त्यासाठीही हाच दाखला कामाला येतो.

आणि अपघात दोन पेपरांच्या मधल्या दिवशी झाला तर? मग त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि केंद्र संचालक दोघांना गाठा. निर्णय तरीही विभागीय मंडळाचाच असतो, पण ते विभागाशी फोनवर बोलू शकतात. तुमच्या हातात मात्र दाखला आणि लेखनिकाचं नाव तयार हवं.

परवानगीचं पत्र आलं, ते वाचलं का?

बहुतेक जण 'मिळालं एकदाचं' म्हणून पत्र फाइलला लावतात. त्यात तीन गोष्टी तपासा. लेखनिकाचं नाव बरोबर आहे का, सगळे पेपर आलेत का आणि जादा वेळ किती ते लिहिलंय का.

जादा वेळेचं नेहमीचं माप ताशी २० मिनिटांचं आहे. दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं. म्हणजे बीजगणिताचा ४० गुणांचा, दोन तासांचा पेपर ११ ला सुरू झाला, तर १ ऐवजी १:४० ला संपतो. मराठीचा ८० गुणांचा, तीन तासांचा पेपर २ ऐवजी ३ ला. हे माप दिव्यांग परीक्षार्थींसाठी ठरलेलं आहे. आपल्या मुलीला नेमकं किती, हे तिच्या पत्रात असेल तेच खरं. पत्रात वेळेचा उल्लेखच नसेल तर पेपरच्या दिवशी पर्यवेक्षकाशी वाद घालून तो मिळत नाही. आदल्या दिवशीच केंद्र संचालकांना दाखवा आणि विभागाकडून स्पष्ट करून घ्या.

लेखनिक घेणाऱ्याला वेगळ्या खोलीत बसवायची व्यवस्था करावी लागते, कारण मोठ्याने बोलावं लागणार. ती खोली कोणती, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

सांगणं हे लिहिण्यापेक्षा अवघड असतं

परवानगीच्या धावपळीत एक गोष्ट राहून जाते. आपल्या मुलीने आयुष्यात कधी उत्तर तोंडाने सांगून लिहून घेतलेलं नाही. वर्षभर सराव केला तो हाताने लिहायचा.

लिहिताना आपण विचार करत करत लिहितो. वाक्य अर्धवट सोडतो, मागे येतो, समासात आकडेमोड करतो. सांगताना हे सगळं बोलावं लागतं. 'नवीन ओळ', 'पूर्णविराम', 'अधोरेखित कर', 'प्रश्न तीन अ, उपप्रश्न दोन' असं. शिवाय समोरचा लिहून होईपर्यंत थांबायचं, आणि पुढचं डोक्यात धरून ठेवायचं. जादा वेळ यासाठीच असतो.

गणितात तर शब्दाशब्दाला खड्डा आहे. 'x अधिक एकचं वर्गमूळ' असं सांगितलं, तर लेखनिक काय लिहील? √(x+1) लिहील की x+√1? 'वर्गमूळ चिन्हाच्या आत x अधिक एक, दोन्ही आत' असं सांगावं लागतं. 'एक भागिले x अधिक दोन' म्हणजे 1/(x+2) की 1/x+2, हेही तसंच. 'छेदात पूर्ण x अधिक दोन' म्हणायची सवय लावावी लागते. विज्ञानात H₂O मधला २ खाली लिहायचा, हे नववीच्या मुलाला माहीत असतं, पण मोठं समीकरण आलं की तो बाणाच्या कोणत्या बाजूला काय, असं विचारणार.

भूमितीची रचना सांगताना नुसतं 'स्पर्शिका काढ' म्हणून भागत नाही. लेखनिक ते अजून शिकलेला नाही, आणि आपण सांगेपर्यंत त्याने स्वतःहून काढायचंही नाही. 'O केंद्र घे, कंपासमध्ये ३.४ सेंटिमीटर घे, वर्तुळ काढ, त्यावर P बिंदू घे' अशी पायरी पायरी बोलावी लागते. भूगोलाच्या नकाशात मोकळ्या डाव्या हाताने बोट ठेवून जागा दाखवलेली चालेल का, हे केंद्र संचालकांना आधीच विचारून घ्या. तोंडाने 'थोडं वर, अजून डावीकडे' करत बसण्यात पाच मिनिटं सहज जातात.

म्हणून परवानगीची वाट बघत बसण्यापेक्षा, लेखनिक ठरला की त्याच संध्याकाळी दोघांना एकत्र बसवा. नऊ दिवसांत किमान दोन जुने पेपर घड्याळ लावून पूर्ण सोडवा, एक भाषेचा आणि एक गणिताचा. पहिल्या पेपरला वेळ पुरणार नाही. तिथेच कळतं की पाच गुणांचं उत्तर सांगायला किती मिनिटं लागतात आणि लेखनिकाचा वेग कुठे अडतो. प्रश्न सोडवायचा क्रमही बदलावा लागतो. काही मुलांना आधी छोटे प्रश्न उरकणं बरं पडतं, कारण तोपर्यंत दोघांची लय बसते.

शेवटची दहा मिनिटं मात्र काही सांगू नका, फक्त वाचा. उपप्रश्नांचे क्रमांक, उणे चिन्हं, दशांश चिन्हं. दुसऱ्याने लिहिलेलं असल्यामुळे चूक कुठे असेल याचा अंदाज आपल्याला नसतो.

हात कायमचाच गेला असेल तर

मशीनमध्ये बोटं गेली, नस कापली गेली आणि हात पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टर म्हणतायत, तर मात्र तो पहिला रस्ता, दिव्यांग हक्क कायद्याचा, खुला होतो. तिथे ४० टक्क्यांची अट आडवी आली, तर एक निकाल माहीत असू द्या. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा जुना आजार होता. नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्व ही पूर्वअट असू शकत नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यातही टक्केवारीपेक्षा लिहिता येतं की नाही, याचं वैद्यकीय प्रमाणपत्र मध्यवर्ती आहे.

आपल्या स्कूटीवरून पडलेल्या मुलीला यातलं काही लागणार नाही. तिच्या नऊ दिवसांचा हिशोब असा. पहिल्या दिवशी प्लास्टर आणि शाळेला फोन. दुसऱ्या दिवशी सरकारी दाखला. तिसऱ्या दिवशी लेखनिकाचे कागद आणि अर्ज, पोच घेऊन. चौथ्या दिवशी पत्र विभागाकडे गेलं का, याची चौकशी, आणि त्याच संध्याकाळी बीजगणिताचा जुना पेपर, समोर नववीतली मुलगी पेन घेऊन बसलेली.